ग्राहकाला लिहिलेला तुटक मजकूर सौम्य कसा करावा?

प्रश्न: ‘तुम्ही अजून बिले पाठवली नाहीत. उशीर झाला तर दंड तुम्हीच भरा.’ मुद्दा न सोडता हे ग्राहकाला नीट कसे लिहू?

उत्तर: वाक्यातला दोषारोप काढा, पण तारीख आणि परिणाम तसेच राहू द्या:

‘ऑगस्टची खरेदीची बिले आमच्याकडे अद्याप पोहोचलेली नाहीत. जीएसटीआर-३बी हे जीएसटीचे मासिक विवरणपत्र भरण्याची मुदत २० सप्टेंबर आहे. कृपया बिले १५ तारखेपर्यंत पाठवावीत. मुदतीनंतर नियमानुसार विलंब शुल्क आणि थकीत करावर वार्षिक १८ टक्के व्याज लागते व ते आपल्याला भरावे लागेल.’

करसल्लागाराच्या कार्यालयात अशी पत्रे रोज लिहिताना दिसते की मूळ मसुद्यात खरे बोचते ते ‘तुम्ही पाठवली नाहीत’ आणि ‘तुम्हीच’मधला तो ‘च’. बिलांनाच कर्ता केले की वस्तुस्थिती तीच राहते, कोणाकडे बोट दाखवले जात नाही, आणि दंडाची गोष्ट आपल्या रागातून नव्हे तर नियमातून आलेली वाटते. ‘जमल्यास’, ‘सवडीने’ हे शब्द मात्र टाळा, कारण त्यांमुळे १५ तारीख ऐच्छिक वाटू लागते. हेच पत्र तिसऱ्यांदा पाठवायची वेळ आली, तर आधीच्या दोन पत्रांच्या तारखा त्यात स्पष्ट लिहाव्यात. तिथे आणखी मऊपणा उपयोगाचा नाही.