Km ६० येतो तेव्हा आणि ३० च्या आत येतो तेव्हा

प्रश्न: मी मुंबईत एम.एस्सी. बायोकेमिस्ट्री करतोय. अल्कलाइन फॉस्फटेजच्या प्रॅक्टिकलमध्ये माझा Km दर वेळी वेगळा येतो, कधी ६० मायक्रोमोलर, कधी ३० च्याही आत. Km कमी म्हणजे एन्झाइम चांगलं, असं धरायचं का? आणि मग kcat/Km वेगळं काढायचं कशाला?

उत्तर: Km कमी म्हणजे एन्झाइम चांगलं, असं धरू नका. कारण पुढे येईलच, पण आधी तुमचे आकडे का हलतात ते पाहू, म्हणजे kcat/Km कशासाठी लागतं तेही त्यातूनच कळेल.

समीकरण तुम्हाला पाठ असेल:

```
v = Vmax [S] / (Km + [S])
```

याची दोन टोकं वेगवेगळी वाचायची. सबस्ट्रेट Km पेक्षा खूप जास्त असेल तर जवळजवळ प्रत्येक ॲक्टिव्ह साइट भरलेली असते. आणखी सबस्ट्रेट घातलं तरी वेग वाढायला जागाच उरत नाही, आणि तो Vmax वर जाऊन टेकतो. सबस्ट्रेट Km पेक्षा खूप कमी असेल तर छेदातला [S] नगण्य होतो आणि v = (Vmax/Km)[S] अशी सरळ रेषा उरते. म्हणजे आलेखाचं वरचं टोक Vmax सांगतं, आणि सुरुवातीचा चढ Vmax/Km सांगतो. Km ही या दोघांमधली वळणाची जागा आहे: जिथे वेग Vmax च्या निम्मा असतो ती कॉन्सन्ट्रेशन.

आता आकडे घेऊ. समजा, तुमच्या एक मिलिलिटरच्या क्युव्हेटमध्ये ॲक्टिव्ह साइट्सची कॉन्सन्ट्रेशन १ नॅनोमोलर आहे, खरा Km ४० मायक्रोमोलर आणि Vmax मिनिटाला ३ मायक्रोमोलर. सबस्ट्रेट पॅरानायट्रोफेनिल फॉस्फेट. त्यातून सुटणारं पिवळं नायट्रोफेनॉल ४०५ नॅनोमीटरला मोजायचं. अल्कलाइन पीएचला १ मायक्रोमोलरचं रीडिंग साधारण ०.०१८ येतं. सबस्ट्रेट १०, २०, ४०, ८०, १६० आणि ३२० मायक्रोमोलर ठेवलं, तर मिनिटाचा वेग अनुक्रमे ०.६, १.०, १.५, २.०, २.४ आणि २.६७ मायक्रोमोलर यायला हवा. पहिल्या नळीत रीडिंग मिनिटाला जेमतेम ०.०११ ने वाढेल, शेवटच्या नळीत ०.०४८ ने.

बऱ्याच प्रॅक्टिकलमध्ये रिॲक्शन दहा मिनिटं चालू देतात, मग सोडियम हायड्रॉक्साइड घालून थांबवतात आणि आलेलं रीडिंग दहाने भागतात. इथेच घोटाळा होतो. १० मायक्रोमोलरच्या नळीत दहा मिनिटांत जवळजवळ निम्मं सबस्ट्रेट संपतं, साधारण ४.७ मायक्रोमोलर. जसं ते संपतं तसा वेग पडत जातो, म्हणून सरासरी वेग ०.६ ऐवजी ०.४७ च येतो. ३२० च्या नळीत मात्र एन्झाइम अजून भरलेलंच असतं, तिथला आकडा एक टक्काही हलत नाही. म्हणजे चूक फक्त कमी कॉन्सन्ट्रेशनच्या बाजूला साचते. असे सहाही आकडे डबल रेसिप्रोकल आलेखावर टाकून रेषा काढली तर Km सुमारे ६० येतो आणि Vmax ३.३. तुमचा ६० बहुधा इथून आला असावा.

यावर उपाय म्हणजे रिॲक्शन न थांबवता दर दहा-पंधरा सेकंदांनी रीडिंग घ्यायचं आणि सुरुवातीचा सरळ भागच वापरायचा. १० मायक्रोमोलरच्या नळीत १० टक्के सबस्ट्रेट दीड-पावणेदोन मिनिटांत संपतं, तेवढाच वेळ तुमच्या हातात आहे. तेवढ्यात नीट वाचण्याइतका फरक पडत नसेल तर एन्झाइम वाढवून भागत नाही, कारण मग सबस्ट्रेटही तितक्याच लवकर संपतं. लांब लाइट पाथचं क्युव्हेट घ्या, नाहीतर तोच प्रयोग तीनदा करून सरासरी काढा.

डबल रेसिप्रोकल आलेखाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तो डोळ्यांनी पाहायला वापरावा, Km काढायला नाही. समजा तुमच्या मशिनची चूक मिनिटाला ०.००२ आहे. ३२० च्या नळीत 1/v त्यामुळे ०.३६ ते ०.३९ एवढंच हलतं. १० च्या नळीत तेच १.४ पासून २.०५ पर्यंत कुठेही जाऊ शकतं, आणि रेषेचा सगळा कल याच एका बिंदूवर टेकलेला असतो. संगणकावर मूळ समीकरणच v आणि [S] वर फिट करा.

आता ३० च्या आतला आकडा. सबस्ट्रेटचं द्रावण जुनं झालं की ते आपोआप थोडं तुटतं, आणि जितकं नायट्रोफेनॉल सुटतं तितकंच फॉस्फेटही सुटतं. फॉस्फेट या एन्झाइमचं कॉम्पिटिटिव्ह इनहिबिटर आहे. पुस्तकात कॉम्पिटिटिव्ह इनहिबिशनने Km वाढतो असं असतं, पण तिथे इनहिबिटर सगळ्या नळ्यांत सारखाच घातलेला असतो. इथे तो सबस्ट्रेटबरोबरच येतो, त्यामुळे जिथे सबस्ट्रेट जास्त तिथे तोही जास्त. समजा २ टक्के सबस्ट्रेट तुटलंय आणि फॉस्फेटचा Ki २ मायक्रोमोलर आहे. गणित केलं की Km आणि Vmax दोन्ही १.४ ने भागले जातात: Km २८.६, Vmax २.१४. आलेख अगदी सुबक दिसतो, म्हणून शंकाही येत नाही.

पण पकडायला सोपं आहे. सगळ्यात जास्त कॉन्सन्ट्रेशनचं सबस्ट्रेट बफरमध्ये, एन्झाइम न घालता, ४०५ ला वाचा. ३२० मायक्रोमोलरमध्ये २ टक्के तुटलेलं असेल तर ६.४ मायक्रोमोलर नायट्रोफेनॉल, म्हणजे रीडिंग ०.११ च्या आसपास येईल. ताज्या द्रावणात ते शून्याजवळ हवं. ब्लँक वजा करून हा दोष जात नाही, कारण वजा होतो तो फक्त रंग; फॉस्फेट तिथेच राहतं.

आपल्याकडे जुलैत आणखी एक भानगड होते. फ्रीझरमधून काढलेली बाटली थंड असतानाच उघडली की मुंबईची हवा तिच्यात पाणी सोडते; पावडर ओलसर होते, वजन फसतं आणि तुटणंही वाढतं. बाटली डेसिकेटरमध्ये खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच झाकण काढा. लेबलही वाचा. डायसोडियम हेक्साहायड्रेटचा मोलर मास ३७१ आहे, पाण्याशिवायच्या मिठाचा २६३. हेक्साहायड्रेट वजन करून २६३ ने हिशेब केलात तर खरी कॉन्सन्ट्रेशन वहीतल्या आकड्याच्या ७१ टक्केच असते, आणि ४० चा Km ५६ दिसतो. खात्री करायची तर ५० मायक्रोमोलर द्रावणात भरपूर एन्झाइम घालून सगळं सबस्ट्रेट संपू द्या: रीडिंग ०.९ च्या जवळ यायला हवं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. जुन्या सबस्ट्रेटच्या उदाहरणात Km आणि Vmax दोन्ही चुकले, पण त्यांचं गुणोत्तर? ३ भागिले ४० म्हणजे ०.०७५, आणि २.१४ भागिले २८.६ म्हणजे तेही ०.०७५. सुरुवातीचा चढ हललाच नाही. हा योगायोग नाही. सबस्ट्रेट अगदी कमी असताना त्याच्याबरोबर आलेलं फॉस्फेटही इतकं कमी असतं की बहुतेक ॲक्टिव्ह साइट्स रिकाम्याच असतात. तिथला वेग फक्त एवढ्यावर ठरतो की रिकाम्या एन्झाइमला सबस्ट्रेट किती वेळा भेटतं आणि त्यातल्या किती भेटी शेवटास जातात.

Vmax ला ॲक्टिव्ह साइट्सच्या कॉन्सन्ट्रेशनने भागलं की kcat मिळतो. मिनिटाला ३ मायक्रोमोलर म्हणजे सेकंदाला ५० नॅनोमोलर; १ नॅनोमोलरने भागल्यावर सेकंदाला ५०. इथे लक्षात ठेवा की हे एन्झाइम डायमर आहे, एका रेणूत दोन ॲक्टिव्ह साइट्स. रेणूंच्या संख्येने भागलंत तर kcat १०० येईल, म्हणून कशाने भागलं ते वहीत लिहा. एन्झाइमचा काही भाग मेलेला असेल तर kcat कमी दिसेल, Km मात्र तोच राहील. आपल्या उदाहरणात kcat/Km = ५० भागिले ४० मायक्रोमोलर, म्हणजे साडेबारा लाख प्रति मोलर प्रति सेकंद. ब्रिग्ज आणि हाल्डेन यांनी १९२५ मध्ये मांडलेल्या पद्धतीने उलगडलं तर:

```
Km      = (k-1 + k2) / k1
kcat/Km = k1 · k2 / (k-1 + k2)
```

k1 हा भेटीचा दर, आणि k2/(k-1 + k2) म्हणजे एकदा चिकटलेलं सबस्ट्रेट सुटून न जाता प्रॉडक्ट होण्याचा वाटा. k1 दहा कोटी धरला तर आपलं एन्झाइम ८० भेटींतली एक कामी लावतं. पाण्यात रेणू एकमेकांना भेटण्याचा वेगच दहा ते शंभर कोटींच्या आसपास असतो, त्यामुळे kcat/Km त्याच्या वर जात नाही.

Km वरून चांगलं-वाईट का ठरत नाही, ते दोन एन्झाइम्स शेजारी ठेवली की दिसतं. लायसोझाइमचा Km ६ मायक्रोमोलर, kcat सेकंदाला ०.५. कार्बोनिक अनहायड्रेजचा कार्बन डायऑक्साइडसाठी Km १२ मिलिमोलर, म्हणजे दोन हजारपट जास्त. पण kcat सेकंदाला दहा लाख. kcat/Km पहिल्याचं ८३ हजार, दुसऱ्याचं ८.३ कोटी. Km लहान असण्याचं एक कारण असंही असू शकतं की सबस्ट्रेट चुकीच्या पद्धतीने चिकटून अडकतं. तेव्हा Km आणि kcat सारख्याच पटीने घसरतात आणि kcat/Km जागचं हलत नाही.

Km ला सरळ 'ओढ' म्हणणंही तुमच्या एन्झाइमच्या बाबतीत चुकतं. अल्कलाइन फॉस्फटेजमध्ये फॉस्फेट आधी सेरीनवर चढतं, नायट्रोफेनॉल निघून जातं, आणि इ. कोलायच्या एन्झाइममध्ये पीएच ८ ला सगळ्यात हळू पायरी त्यानंतरची असते, फॉस्फेट बाहेर पडण्याची. kcat त्या शेवटच्या पायरीला बांधलेला असतो, आणि Km ही तिच्यामुळे खाली ओढला जातो. kcat/Km मध्ये मात्र फक्त नायट्रोफेनॉल सुटेपर्यंतच्याच पायऱ्या येतात. म्हणून ट्रिस बफरमधल्या आकड्यांची दुसऱ्या बफरशी तुलना करू नका: ट्रिस स्वतःच सेरीनवरचं फॉस्फेट उचलून घेतं आणि Vmax वाढवतं.

kcat/Km चीही मर्यादा आहे. दोन सबस्ट्रेट्स एकाच एन्झाइमसाठी एकाच वेळी झगडत असतील, तर त्यांच्या वेगांचं गुणोत्तर कोणत्याही कॉन्सन्ट्रेशनला त्यांच्या kcat/Km आणि प्रमाणावरूनच ठरतं; तिथे हा आकडा पक्का. पण एन्झाइम भरलेलं असताना तो बिनकामाचा, तिथे फक्त kcat चालतो. पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्तातलं अल्कलाइन फॉस्फटेज मोजताना सबस्ट्रेट १६ मिलिमोलरच्या आसपास ठेवतात ते याचसाठी: वेग Vmax वर टेकलेला असला की तो फक्त एन्झाइमच्या प्रमाणावर अवलंबून राहतो.