तीस लाख किती वर्षं पुरतील?

भाऊ, खात्यात ३० लाख ठेवून दर महिन्याला २५ हजार काढायचे असतील, तर ३० लाखांना २५ हजारांनी भागून दहा वर्षं धरू नका, उरलेल्या रकमेवर व्याज चालूच असतं. दर ७.२ टक्के, म्हणजे महिन्याला ०.६ टक्के धरा. पहिल्या महिन्याचं व्याज १८,००० येतं, मुद्दलातून फक्त ७,००० जातात. पुढच्या महिन्यात व्याज ४२ रुपयांनी घटतं, तेवढं मुद्दल जास्त झिजतं. दहा वर्षांनी साधारण पावणेअठरा लाख उरतात, मग घसरण जोरात. एक्सेलमध्ये हे टाका:

```
=NPER(0.072/12,25000,-3000000)
```

उत्तर २१२.८ महिने, म्हणजे जवळपास पावणेअठरा वर्षं. ऋण चिन्ह विसरलात तर उत्तर भलतंच येईल. नागपुरातला खर्च वाढला म्हणून ३० हजार काढू लागलात, तर पावणेतेरा वर्षांतच खातं रिकामं! दर ६ टक्क्यांवर आला तर २५ हजारही सव्वापंधरा वर्षंच पुरतात.