बॅच ‘ओव्हरफिट करणे’ : होणे आणि करणे यांतला फरक

प्रश्न : आमच्या टीममधले सीनियर म्हणतात, ‘पूर्ण ट्रेनिंग लावायच्या आधी एक छोटी बॅच ओव्हरफिट करून दाखव.’ ओव्हरफिट हा तर दोष ना? मग मुद्दाम करायला सांगतात म्हणजे नेमकं काय? आणि मराठीत याला काय म्हणता येईल?

क्रियापदाकडे आणि कर्माकडे बघा. ‘मॉडेल ओव्हरफिट झालं’ या वाक्यात ‘होणं’ आहे, आणि ती तक्रार आहे : शिकवलेल्या नमुन्यांवर मॉडेल चोख उत्तरं देतं, पण नवं काही समोर आलं की चुकतं. ‘बॅच ओव्हरफिट करून दाखव’ यात ‘करणं’ आहे, आणि कर्म आहे ती बॅच. सांगणाऱ्याचं म्हणणं एवढंच की दहा-वीस नमुने घे, तेच ते पुन्हा पुन्हा मॉडेलपुढे ठेव आणि त्याच्याकडून पाठ करवून घे. म्हणून मी ‘बॅच पाठ करवून घेणे’ असं लिहितो, आणि नाम हवं असेल तेव्हा ‘पाठांतर चाचणी’. बोलताना ‘बॅच ओव्हरफिट करणे’ खुशाल म्हणा, सगळ्यांना कळतं. फक्त अहवालात ‘मॉडेल ओव्हरफिट केलं’ असं लिहू नका. वाचणारा ते दोष म्हणूनच वाचेल.

आता हे पाठ करवून घ्यायचं कशासाठी? अगदी साध्या न्यूरल नेटवर्कमध्येही हजारोंनी, बहुधा लाखांनी पॅरामीटर असतात. एवढ्या मोठ्या यंत्रणेला वीस चित्रं पाठ होणं हा हातचा मळ. तेही जमलं नाही तर डेटा कमी आहे किंवा मॉडेल लहान आहे ही कारणं बादच होतात, आणि बहुतेक वेळा गडबड कोडमध्येच निघते. या क्षेत्रातल्या चुका एरर देऊन थांबत नाहीत, हा खरा त्रास आहे. प्रोग्रॅम सुरळीत चालतो, लॉसही थोडा खाली येतो, आणि दोन दिवसांचं ट्रेनिंग संपल्यावर आकडा वाईट का आला हे कुणालाच सांगता येत नाही. आंद्रेय कार्पाथी यांनी २०१९ मध्ये न्यूरल नेटवर्क शिकवण्याच्या पद्धतीवर एक लेख लिहिला. त्यात ही पायरी स्पष्ट सांगितलेली आहे, आणि ती इतकी रुळण्यात त्या लेखाचा मोठा वाटा आहे असं मला वाटतं.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. हस्तलिखित देवनागरी अक्षरांचा एक खुला डेटासेट नेपाळमध्ये तयार झाला आहे. त्यात ३२ बाय ३२ पिक्सेलची ९२,००० चित्रं आहेत. त्यातले फक्त ० ते ९ हे आकडे घेऊ. बॅच २० चित्रांची, प्रत्येक आकड्याची दोन चित्रं. ही समान वाटणी मुद्दाम ठेवायची. बॅचमध्ये एकच आकडा जास्त असेल, तर मॉडेल चित्राकडे न बघताही तो आकडा सांगून लॉस थोडा कमी करू शकतं आणि आपली फसगत होते.

शिकवायच्या आधीचा लॉस बघा. मॉडेलला काहीच येत नाही तेव्हा दहा उत्तरांना ते साधारण सारखाच वाव देतं, म्हणून लॉस ln(10), म्हणजे २.३० च्या आसपास यायला हवा. तो ८ किंवा १० आला तर इथेच थांबा. बरेचदा पिक्सेलच्या ० ते २५५ या किमती तशाच आत गेलेल्या असतात. तो बरोबर असेल तर ड्रॉपआउट, ऑगमेंटेशन आणि वेट डिके बंद करा, कारण ही तिन्ही पाठांतराला अडवण्यासाठीच असतात. ॲडम ऑप्टिमायझर, लर्निंग रेट ०.००१, आणि :

```python
xb, yb = next(iter(loader))
for i in range(500):
    loss = F.cross_entropy(model(xb), yb)
    opt.zero_grad()
    loss.backward()
    opt.step()
```

पहिली ओळ लूपच्या बाहेर आहे, हे महत्त्वाचं. ती आत गेली आणि लोडरला `shuffle=True` असेल, तर दर फेरीला नवी बॅच येईल आणि चाचणीला अर्थच उरणार नाही. सगळं ठीक असेल तर काहीशे फेऱ्यांत लॉस ०.०१ च्या खाली जातो आणि वीसच्या वीस आकडे बरोबर येतात. ‘बराच कमी झाला’ यावर समाधान मानू नका. शून्याच्या जवळ जायलाच हवा.

नाही गेला तर तो कुठे अडला, त्यावरून चूक सापडते. याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण म्हणजे १.४६. समजा वीसपैकी वीस आकडे बरोबर येत आहेत, पण लॉस १.४६ वर अडून बसला आहे. अशा वेळी मॉडेलच्या शेवटी सॉफ्टमॅक्स लावलेला आहे का ते आधी पाहा. पायटॉर्चचं `F.cross_entropy` स्वतःच आतमध्ये सॉफ्टमॅक्स करतं, म्हणजे तो दोनदा लागतो. पहिल्या सॉफ्टमॅक्सनंतर मॉडेल जास्तीत जास्त काय देऊ शकतं, तर बरोबर आकड्याला १ आणि उरलेल्या नऊ आकड्यांना ०. दुसरा सॉफ्टमॅक्स याच आकड्यांवर चालतो, त्यामुळे लॉस निघतो ln(e + 9) − 1, म्हणजे १.४६. मॉडेल कितीही हुशार असलं तरी याच्या खाली जाऊच शकत नाही. पूर्ण डेटावर हीच चूक फार छान लपते. लॉस २.३० वरून हळूहळू खाली येतो, अचूकताही बरी दिसते, आणि आपण लर्निंग रेट बदलत बसतो. वीस चित्रांवर ती काही मिनिटांत उघडी पडते.

लॉस २.३० वरून हललाच नाही, तर दोन शक्यता आधी तपासा. एक, `opt.step()` राहिलं आहे किंवा मॉडेल नव्याने बनवल्यावर ऑप्टिमायझरकडे जुनेच पॅरामीटर राहिले आहेत. दोन, चित्र मॉडेलपर्यंत पोचतच नाही. दुसरी शक्यता पडताळायला `xb` च्या जागी मुद्दाम सगळी शून्यं द्या. वाटणी समान असल्यामुळे शून्यांवर लॉस २.३० च्या खाली जाणारच नाही. खरी चित्रं देऊनही तेच दिसत असेल, तर वाटेत कुठेतरी ती कोरी होत आहेत.

या चाचणीला एक गोष्ट अजिबात दिसत नाही : चुकीची लेबलं. चियुआन झांग आणि सहकाऱ्यांनी २०१६ च्या शोधनिबंधात दाखवलं की लेबलं पूर्ण यादृच्छिक केली तरी मोठी नेटवर्क्स अख्खा ट्रेनिंग सेट पाठ करतात. म्हणजे लेबलांची फाइल एका ओळीने घसरली असेल, तरी आपली बॅच शंभर टक्के पाठ होईल आणि लॉस शून्याला टेकेल. म्हणून त्याच `xb` मधली वीस चित्रं पडद्यावर काढा, प्रत्येकाखाली `yb` मधलं लेबल छापा आणि एकेक नजरेखालून घाला. या डेटासेटमध्ये हे सावकाश करावं लागतं. नेपाळी वळणाचा ५ किंवा ८ आपल्या सवयीच्या आकड्याहून वेगळा दिसू शकतो, आणि तिथे लेबल बरोबर असून आपल्यालाच चूक वाटण्याचा संभव असतो.