बेरीज 71, तरी निकालपत्रात अनुत्तीर्ण

प्रश्न : वकीलसाहेब, मी मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात बी.कॉम. (अकाउंटिंग अँड फायनान्स)च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमची 75:25 ची योजना आहे. तिसऱ्या सत्रात फायनान्शियल अकाउंटिंगमध्ये मला लेखीत 63 आणि इंटर्नलमध्ये 8, म्हणजे एकूण 71 गुण आहेत. कॉस्ट अकाउंटिंगमध्ये लेखीत 26 आणि इंटर्नलमध्ये 19 आहेत. बाकीचे पाच विषय सुटले. 71 आणि 45 मिळूनही दोन्ही विषयांत नापास कसे? कोर्टात जाता येईल का?

उत्तर : तुमच्या योजनेत एका विषयाची दोन स्वतंत्र शीर्षे आहेत. इंटर्नलमध्ये 25 पैकी किमान 10 आणि लेखीत 75 पैकी किमान 30 गुण वेगवेगळे मिळवावे लागतात, आणि एका शीर्षातील जास्तीचे गुण दुसऱ्या शीर्षातील तूट भरून काढत नाहीत. हा नियमच अन्यायकारक आहे म्हणून रद्द करावा, अशी याचिका करण्याचा सल्ला मी देणार नाही. महाराष्ट्र राज्य मंडळ विरुद्ध परितोष भूपेशकुमार शेठ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1984 सालीच स्पष्ट केले की, शैक्षणिक संस्थांनी आखलेल्या परीक्षा-धोरणाच्या जागी न्यायालय स्वतःचे धोरण बसवणार नाही. मात्र आहे तो नियम तुम्हाला बरोबर लावला गेला की नाही, हे न्यायालय नक्की पाहते, आणि तुमच्या बाबतीत तपासण्यासारखे तेच आहे.

विद्यापीठाचा अध्यादेश 5042-अ हा ग्रेस गुणांचा आहे. हे गुण विषयाच्या बेरजेवर मिळत नाहीत, तर प्रत्येक उत्तीर्णता-शीर्षावर मिळतात, मग ते शीर्ष अंतर्गत असो वा बाह्य. शीर्ष 50 गुणांपर्यंतचे असेल तर जास्तीत जास्त 2, आणि 51 ते 100 गुणांचे असेल तर जास्तीत जास्त 3 गुण देता येतात. सर्व शीर्षांना मिळून दिलेले गुण परीक्षेच्या एकूण गुणांच्या एक टक्क्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. सात विषयांचे 700 गुण धरले तर तुमची मर्यादा 7 गुणांची होते. अकाउंटिंगच्या इंटर्नलमध्ये तुम्हाला नेमके 2 गुण कमी आहेत, म्हणजे ते शीर्ष ग्रेसमध्ये बसते. मग ते गुण दिले का गेले नाहीत? कारण याच अध्यादेशाची पुढची अट अशी आहे की, ग्रेसमुळे विद्यार्थी संपूर्ण परीक्षा उत्तीर्ण होत असेल तरच हा लाभ द्यायचा. कॉस्टिंगच्या लेखीत तुम्हाला 4 गुण कमी आहेत आणि तिथे मर्यादा 3 ची आहे. त्या एका गुणामुळे अकाउंटिंगचे 2 गुणही गेले.

म्हणून तुमचे खरे भांडण 8 शी नसून 26 शी आहे, आणि सगळी शक्ती तिथेच लावावी. कॉस्टिंगमध्ये 27 झाले तर तिथे 3 आणि अकाउंटिंगमध्ये 2 असे 5 ग्रेस गुण 7 च्या मर्यादेत बसतात आणि तुम्ही पूर्ण सत्र उत्तीर्ण होता. तिसऱ्या सत्राची परीक्षा महाविद्यालय घेते, त्यामुळे प्राचार्यांच्या नावे अर्ज करून आधी त्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागा. परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या निकालात मान्य केले आहे. छायाप्रतीत तपासायचा राहिलेला उपप्रश्न, मुखपृष्ठावर न चढलेले गुण किंवा चुकलेली बेरीज सापडली, तर तेवढ्यापुरती पडताळणी मागा. तसे काही नसेल, तरच पुनर्मूल्यांकनाकडे वळा, आणि किती गुणांचा बदल ग्राह्य धरतात तो नियम अर्जापूर्वी वाचा. अर्जांची मुदत निकालाच्या तारखेपासून मोजली जाते. इतर काही करण्याआधी ती पाहून घ्या, कारण मुदत उलटल्यावर चांगली बाजूही ऐकली जात नाही.

इंटर्नलच्या 8 गुणांची फोड मात्र लेखी मागून ठेवा. त्यात 20 गुणांची वर्गचाचणी आणि 5 गुण सहभाग व वर्तनाचे असतात. अंतर्गत गुणांना सहसा पुनर्मूल्यांकन मिळत नाही, परंतु चाचणीचे गुण नोंदवताना झालेली चूक दुरुस्त करून मागता येते.

यातून काहीच निघाले नाही, तरी दोन्ही विषय पुन्हा पूर्ण द्यावे लागत नाहीत. अकाउंटिंगचे लेखी 63 कायम राहून फक्त इंटर्नल आणि कॉस्टिंगचे इंटर्नल 19 कायम राहून फक्त लेखी द्यावी लागेल. ही सवलत सगळीकडे नसते. सीबीएसईच्या बारावीत लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत वेगवेगळे 33 टक्के लागतात. तिथे प्रात्यक्षिकात उत्तीर्ण झालेल्याला फक्त लेखी पुन्हा द्यावी लागते, पण प्रात्यक्षिकात नापास झालेल्याला दोन्ही द्यावी लागतात. त्यामुळे दुसऱ्या परीक्षेला बसलेल्या भावंडाच्या किंवा मैत्रिणीच्या अनुभवावरून ठरवू नका. फॉर्म भरताना महाविद्यालयाने चुकून दोन्ही शीर्षे लावली, तर त्याच दिवशी लेखी हरकत घ्या आणि तिच्या प्रतीवर पोच घ्या.