खुर्चीला शोभणारा माणूस

प्रश्न: मतदार असोत की कंपन्यांची संचालक मंडळं, उंच आणि आत्मविश्वासू दिसणारा माणूसच का निवडतात? दिसण्याचा कर्तबगारीशी खरंच संबंध असतो का?

चेहरा बघायला काही कष्ट पडत नाहीत, काम तपासायला पडतात. म्हणून माणूस चेहरा बघतो आणि आपण लायकी जोखली असं धरून चालतो.

यावर अँटोनाकिस आणि डाल्गास या संशोधकांचा २००९ चा प्रयोग बघा. फ्रान्सच्या २००२ च्या संसदीय निवडणुकीतला विजेता आणि त्याच्याकडून हरलेला, अशा जोड्यांचे फोटो त्यांनी स्वित्झर्लंडमधल्या ५ ते १३ वर्षांच्या मुलांपुढे ठेवले. 'बोटीचा कप्तान कोणाला कराल?' एवढंच विचारलं. मुलांना ना पक्ष माहीत, ना माणूस. तरी साधारण दहापैकी सात वेळा त्यांनी विजेत्यावरच बोट ठेवलं. मोठ्यांचे अंदाजही तसेच आले.

आमच्या पतसंस्थेत हेच घडताना मी संचालक म्हणून समोर बसून पाहिलंय. व्यवस्थापक नेमायचा होता. आमच्याच वसुली विभागातल्या बाई, बुटक्या, आवाज बारीक. दुसरे बाहेरून आलेले गृहस्थ, सहा फूट, कोट घातलेले. थकबाकी कशी कमी करणार, हा प्रश्न दोघांना विचारला. बाईंनी वही उघडली आणि कोणत्या शाखेत तारण कच्चं आहे, कुठे जामीनदारच थकलेत, कोणती खाती सुटणारच नाहीत, ते सांगितलं. गृहस्थ खुर्चीत रेलून म्हणाले, "सहा महिन्यांत निम्मी करतो." कशी, ते कोणी विचारलंच नाही. बाई बाहेर गेल्यावर अध्यक्ष म्हणाले, "माणूस खुर्चीला शोभला पाहिजे." मी विरोधात मत दिलं, पडलं. दोन वर्षांनी थकबाकी वाढलेली होती आणि ते गृहस्थ दुसऱ्या संस्थेत, वरच्या पदावर.

बाईंनी 'ही खाती सुटणार नाहीत' म्हटलं, तो मंडळाला कच्चेपणा वाटला. धंदा कळणारा माणूसच असं बोलतो. ठाम बोलणं आणि माहिती असणं यांत फरक आहे, आणि ज्यांच्यावर तो ओळखायची जबाबदारी आहे त्यांनी तरी ओळखावा.

उंच माणूस नालायक असतो असं मी म्हणत नाही, आणि चेहऱ्याला सगळेच सारखे भुलतात असंही नाही. अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं की चेहऱ्याचा परिणाम राजकारणाची माहिती कमी आणि टीव्ही जास्त, अशा मतदारांवर सर्वाधिक होतो. लालबहादूर शास्त्री चांगलेच बुटके होते, तरी १९६५ च्या युद्धात देश त्यांच्या मागे उभा राहिला.

मंडळावर असाल तर वसुलीचे आकडे आणि लेखी उत्तरं नावं झाकून आधी वाचा, प्रत्येकाने गुण कागदावर लिहून टाका, मगच उमेदवाराला आत बोलवा. मी तेव्हा हेच सुचवलं होतं. "एवढा वेळ कुणाला आहे?" असं उत्तर मिळालं. पुढे ती बुडीत खाती निस्तरायला मात्र सगळ्यांना वेळ मिळाला, आणि निस्तरली त्याच बाईंनी.