इंग्रजी शब्द ओळीत कुठे बसतो

प्रिय मुली,

गाणं वाचलं. सोबतचा तुझा प्रश्नही वाचला: इंग्रजी कमी करू की वाढवू? दोन्ही नको. आधी ओळ बोलून बघ. चाल बाजूला ठेव आणि मैत्रिणीशी फोनवर बोलतेस तशी ती म्हण.

'आठवणींची झाली रेन, हार्टला होतो पेन.' असं तू कधी कुणाशी बोलली आहेस का? रेन आणि पेन इथे केवळ यमकासाठी आलेत. इंग्रजी शब्द यमकाच्या जागी बसवला की जोडीला बहुधा दुसरा इंग्रजी शब्दच शोधावा लागतो, आणि मग अर्थ त्या जोडीमागे फरपटत जातो.

पण याच कडव्यात तू लिहिलं आहेस: 'लास्ट सीन तुझा बघत बसते'. ही ओळ खरी आहे, कारण तू हेच करतेस आणि याच शब्दांत सांगतेस. हिच्याखाली पेन कशाला? 'टाइप करते, डिलीट करते' लिही. मात्रा मोज: लास्ट तीन, सीन तीन, तुझा तीन, बघत तीन, बसते चार. सोळा. दुसऱ्या ओळीत चार-चारचे चार गट, त्याही सोळा. आठ मात्रांच्या केरवा तालाची दोन आवर्तनं अचूक भरतात. शिवाय शेवटी 'ते' आहे, तो स्वर गायिकेला हवा तितका लांबवता येतो. तिथे 'टेक्स्ट' असता तर ती काय लांबवणार? म्हणून इंग्रजी शब्द मधे आणि क्रियापद शेवटी. यमक सैल वाटेल. वाटू दे.

'माय लाइफचा सनशाइन' मात्र काढच. 'लाइफमध्ये' आपण सहज म्हणतो, 'डिलीट करते' म्हणतो. नामाला आपला प्रत्यय लागतो, क्रियेला आपलं 'करणं' जोडलं जातं. 'माय', 'ऑफ', 'विथ' असले बारके शब्द मराठी वाक्याच्या सांध्यात शिरले की वाक्यच मोडतं. बोलून बघ म्हणतो ते याचसाठी, कान लगेच सांगतो.

एका संगीतकाराला ध्रुवपदात इंग्रजी ओळ हवी होती, 'तरुणांसाठी'. मी म्हटलं, कोणता तरुण असं बोलतो ते दाखवा. त्यांनी दुसऱ्याकडून लिहून घेतलं. ते काम गेल्याची हळहळ अजून वाटते, कारण चाल सुरेख होती. पण मी हट्टी होतो म्हणून ते गेलं असं कुणी म्हटलं तर मला पटत नाही. ती ओळ कुणाच्याच तोंडची नव्हती.

दुसऱ्या कडव्यातलं 'ब्लॉक केलंस, तरी डीपी आठवतो' ठेव, त्याला हात लावू नकोस. 'फीलिंग्जचा ओशन' काढून तिथे त्या रात्री तू खरंच काय केलंस ते लिही, आणि पाठवण्याआधी मोठ्याने बोलून बघ.

तुझा,
काका