मुदतवाढीच्या मेलबद्दल

प्रिय,

तुझा मसुदा काल रात्री वाचला. ‘काही अपरिहार्य कारणांमुळे अहवाल पूर्ण होऊ शकलेला नाही, तरी थोडी मुदतवाढ मिळावी ही नम्र विनंती.’ नम्रता आहे, पण मॅडमना यातून काहीच कळत नाही. मी बरीच वर्षं असे मेल वाचणाऱ्यांच्या बाजूला होतो. ‘थोडी’ म्हणजे किती, हे न लिहिणाऱ्याला मी उलट मेल करून तेच विचारायचो आणि त्यात एक दिवस जायचा. तुमच्याकडे आज बुधवार आहे आणि मुदत शुक्रवारी संध्याकाळी ५ ची. तो एक दिवस तुम्हाला परवडणारा नाही.

मेलच्या आधी तिघांशी बोल. गटाच्या कामात हमखास बिघडतं ते इथेच: एकजण मेल करतो, दुसरा वर्गाबाहेर तोंडी विचारतो, तिसरा वेगळंच कारण सांगतो. मग शिक्षकांना प्रश्न पडतो की यातलं खरं काय. म्हणून मेल एकच जाऊ दे, तोही चौघांनी वाचलेला, आणि बाकीचे तिघे सीसीमध्ये.

फोनवर तू जे सांगितलंस, ते कारण चांगलं आहे, कारण ते नेमकं आहे. ६० प्रश्नावल्यांची उत्तरं दोघांनी वाटून नोंदवली. एकाने ‘पूर्ण सहमत’ला १ दिला, दुसऱ्याने ५. कोणत्या प्रश्नावलीची उत्तरं कोणी नोंदवली हे लिहून ठेवलेलं नाही, त्यामुळे सगळ्या ६० पुन्हा मूळ कागदाशी ताडून पाहाव्या लागणार. हे दोन वाक्यांत लिही. चूक कोणाची ते मात्र लिहू नकोस. मसुद्यातलं मित्राचं नाव काढून टाक. अहवाल गटाचा आहे, तर चूकही गटाची. शिवाय मॅडमना निर्णयासाठी त्या नावाचा काही उपयोग नाही. (तो खरोखरच काम करत नसेल तर ते वेगळं बोलणं आहे, वेगळ्या दिवशी, समोरासमोर.)

आता तारीख. ती अंदाजाने टाकू नकोस, उरलेल्या कामावरून काढ. प्रश्नावल्या ताडायला आजची संध्याकाळ आणि उद्याची सकाळ. तक्ते आणि आलेख पुन्हा करायला शुक्रवार दुपारपर्यंतचा वेळ. आकडे बदलले की निष्कर्षही बदलणार, ते प्रकरण नव्याने लिहायला शनिवार. रविवारी एकाने सगळा अहवाल सलग वाचायचा. चौघांनी लिहिलेल्या अहवालात एकाच गोष्टीला दोन नावं पडलेली असतात, ती या वाचनातच सापडतात. म्हणजे सोमवार सकाळ. जास्त मिळाले तर बरे म्हणून आठवडा मागू नकोस. मॅडमनाही गुण पुढे कळवायचे असतात. आणि हो, अभ्यासक्रमाच्या सूचनापत्रात उशिराबद्दलचा नियम आधी वाच. काही ठिकाणी मुदत वाढवणं शिक्षकांच्या हातात नसतं, विभागाकडे अर्ज करावा लागतो. नियमात उत्तर असताना मेल केला तर ते खटकतं.

मी असं लिहिलं असतं:

विषय: गट ४ – प्रकल्प अहवालासाठी सोमवार सकाळपर्यंत मुदतवाढीची विनंती

आदरणीय मॅडम,
आम्ही गट ४ चे चौघे विद्यार्थी. आमचा अहवाल शुक्रवारी संध्याकाळी ५ वाजता द्यायचा आहे. काल तपासताना लक्षात आलं की सर्वेक्षणाची उत्तरं भरताना आमच्याकडून दोन उलट मोजपट्ट्या वापरल्या गेल्या. त्यामुळे तिसऱ्या प्रकरणातले तक्ते चुकीचे आहेत. ६० प्रश्नावल्या पुन्हा ताडून ते प्रकरण नव्याने लिहावं लागेल.
यासाठी सोमवारी सकाळी १० पर्यंत मुदत मिळू शकेल का? पहिली दोन प्रकरणं तयार आहेत, ती सोबत जोडली आहेत. मुदतवाढ शक्य नसेल, तर शुक्रवारी ठरल्या वेळी अहवाल देऊ आणि तिसऱ्या प्रकरणातली त्रुटी त्यात स्पष्ट नमूद करू. उशिराचे गुण वजा होणार असतील तर तेही आम्हाला मान्य आहे.
आपले नम्र,
(चौघांची नावं आणि हजेरी क्रमांक)

‘शक्य नसेल तर’ हे वाक्य तुला भीतीदायक वाटेल, पण ते काढू नकोस. त्यामुळे मॅडमना नाही म्हणणं सोपं होतं, आणि काम ठप्प झालेलं नाही हेही दिसतं. जोडलेली दोन प्रकरणं तेच सांगतात. फक्त ती खरोखर वाचण्याजोगी असू देत.

मेल आज दुपारच्या आत जाऊ दे. उत्तर येईपर्यंत शुक्रवारची मुदत कायम आहे असंच समजून प्रश्नावल्या ताडायला बसा. उद्या दुपारपर्यंत उत्तर नाही आलं, तर त्याच मेलला जोडून दोन ओळींची आठवण कर, नवा मेल नको. होकार आला तर ‘सोमवार सकाळी १० ला देतो’ एवढं लिहून आभार मान, म्हणजे वेळेबद्दल दोन्हीकडे एकच समज राहील.

तुझा,
काका